परदेशी फायनान्स कंपनीचा मशीनचा करार: लीज आणि हायर पर्चेसची कलमं सहीआधी कशी वाचायची

सीएनसी मशीनचा भाव ठरला की विकणाराच विचारतो, "फायनान्सही आमच्याकडूनच करून देऊ का?" मशीन जर्मन किंवा जपानी असेल तर फायनान्स देणारी कंपनीही बहुधा त्याच समूहातली असते. मग तीस-चाळीस पानांचा इंग्रजी करारनामा येतो. त्याचा साचा परदेशातल्या मुख्य कार्यालयात तयार झालेला असतो आणि भारतासाठी त्यात चार ओळी घातलेल्या असतात. तो वाचायला वर्कशॉपच्या मालकाला दोन दिवस मिळतात, कारण "या महिन्यातच बिलिंग करायचंय" अशी घाई चाललेली असते.

चाळीस पानांपैकी तुमचा पैसा आणि मशीन यांचं भवितव्य ठरवणारी कलमं पाच-सहाच असतात. ती कशी शोधायची आणि वाचताना काय तपासायचं, ते पुढे क्रमानं दिलं आहे.

सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. भोसरीतल्या एका गाळ्यात टर्निंग सेंटर घ्यायचं आहे. किंमत ४०,००,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ७,२०,००० रुपये. मुदत ४८ महिने. समोर दोन प्रस्ताव आहेत.

हायर पर्चेस: ८,००,००० रुपये डाउन पेमेंट आणि पूर्ण जीएसटी सुरुवातीला. उरलेल्या ३२,००,००० रुपयांवर ७.५ टक्के फ्लॅट. हप्ता ८६,६६७ रुपये.

लीज: ४,००,००० रुपये बिनव्याजी ठेव. भाडं महिन्याला ९२,००० रुपये अधिक जीएसटी, महिन्याच्या सुरुवातीला. शेवटी मशीन परत करायचं किंवा विकत घ्यायचं.

१. आधी मालकीचं कलम शोधा

कराराच्या पहिल्या पानावरचं नाव बघून थांबू नका. 'टायटल' किंवा 'ओनरशिप' असं शीर्षक असलेलं कलम काढा. दोन्ही प्रकारांत मुदतीभर मशीन फायनान्स कंपनीचंच असतं. ते तुमच्या शेडमध्ये उभं असतं, त्याला वीज तुमची असते, ऑपरेटर तुमचा असतो, तरी तुम्हाला ते विकता येत नाही, बँकेकडे तारण ठेवता येत नाही आणि परवानगीशिवाय दुसऱ्या गाळ्यात हलवताही येत नाही. फरक शेवटी काय होतं यात आहे.

हायर पर्चेसमध्ये 'ऑप्शन टू पर्चेस' नावाचं वाक्य असायलाच हवं. सगळे हप्ते फेडले आणि ठरलेली छोटी रक्कम भरली (बहुतेकदा ती नाममात्र असते) की मशीन तुमचं. लीजमध्ये असा हक्क आपोआप नसतो. कागदावर 'तुम्ही शेवटी मशीन घेऊ शकाल' असं कुठेच लिहिलेलं नसेल, तर सेल्समननं तोंडी दिलेल्या शब्दाला अर्थ नाही, कारण शेवटच्या पानांवर 'हा करार म्हणजेच दोघांमधला संपूर्ण समझोता' असं कलम जवळजवळ नेहमी असतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हायर पर्चेससाठी भारतात १९७२ मध्ये स्वतंत्र कायदा मंजूर झाला होता, पण तो कधी लागूच झाला नाही आणि २००५ मध्ये रद्द केला गेला. त्यामुळे मशीनच्या हायर पर्चेसमध्ये हप्ते भरणाऱ्याला संरक्षण देणारा वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि तुमच्या हातातला कागद, यावरच सगळं चालतं. कागदात जे नाही ते नंतर मागता येत नाही, म्हणून सहीआधीची घासाघीसच खरी.

२. समोर सही करणारी कंपनी कुठली, ते बघा

परदेशी समूहाची भारतात नोंदलेली कंपनी सही करत असेल तर व्यवहार रुपयांत आणि तुलनेनं सोपा. पण सही थेट परदेशातली कंपनी करत असेल, भाडं युरोत किंवा येनमध्ये असेल, तर तीन गोष्टी बदलतात.

पहिली गोष्ट परवानगीची. परदेशातून घेतलेली फायनान्स लीज परकीय कर्जाच्या नियमांत येते. तुमच्या बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेकडून कर्जाचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. म्हणून सही करण्याआधी मसुदा बँकेच्या परकीय चलन विभागाला दाखवा आणि तुमची प्रोप्रायटरशिप, भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड यात बसते का, ते लेखी विचारून घ्या.

दुसरी जीएसटीची. परदेशी कंपनीला तुम्ही दिलेल्या भाड्यावर रिव्हर्स चार्जनं जीएसटी तुम्ही स्वतः भरायचा असतो, आणि तो रोखीनंच, जमा क्रेडिटमधून नाही.

तिसरी गोष्ट 'ग्रॉस-अप' कलमाची, आणि ती सगळ्यात महाग पडते. परदेशी कंपनीला पैसे पाठवताना तुम्हाला टीडीएस कापावा लागतो. भारत-जर्मनी कर करारानुसार औद्योगिक उपकरणाच्या भाड्यावर हा दर १० टक्के आहे. ग्रॉस-अप कलम म्हणतं की कर काहीही असो, आमच्या हातात पूर्ण रक्कम पडली पाहिजे. म्हणजे १,००० युरो भाडं असेल तर तुम्ही १,००० वरचे १०० कापून ९०० पाठवू शकत नाही. १,००० पूर्ण पाठवायचे आणि वरून कर भरायचा, तोही १,१११ वर, म्हणजे १११ युरो. तुमचा खर्च अकरा टक्क्यांनी वाढला, आणि दरपत्रकात तो कुठेच दिसत नव्हता. हे कलम असेल तर भाव त्याच प्रमाणात खाली मागा किंवा कलम काढायला लावा. त्यांच्याकडून टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट दर वर्षी मिळेल, हेही करारात लिहून घ्या. ते नसेल तर कमी दराचा फायदा घेता येत नाही.

३. खरा दर स्वतः काढा

हायर पर्चेसमधला ७.५ टक्के फ्लॅट म्हणजे ३२ लाखांवर चारही वर्षं पूर्ण रकमेचं व्याज: ९,६०,००० रुपये. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, त्यामुळे वापरलेल्या पैशावरचा खरा दर त्याहून बराच जास्त असतो. एक्सेलमध्ये हे टाका:

```
=RATE(48,-86667,3200000)*12
```

उत्तर येतं सुमारे १३.५ टक्के. तुमची बँक मशीनसाठी १० किंवा ११ टक्के घटत्या शिलकीवर देत असेल, तर ७.५ चा आकडा स्वस्त नाही. प्रोसेसिंग फी आगाऊ कापत असतील तर ३२ लाखांतून ती वजा करून मांडा.

लीजमध्ये दराचा शब्दच नसतो, फक्त भाडं असतं. तिथं शेवटी मशीन किती रुपयांना मिळणार यावर सगळं ठरतं. समजा करारात ६,००,००० रुपये अशी पक्की रक्कम लिहिली आहे. ठेवीचे ४ लाख त्यातून वळते झाले की शेवटी २ लाख द्यायचे उरतात. हातात आलेली रक्कम ४० लाख वजा ठेव, म्हणजे ३६ लाख:

```
=RATE(48,-92000,3600000,-200000,1)*12
```

हे सुमारे १२.८ टक्के. हायर पर्चेसपेक्षा थोडं स्वस्तच. आता त्याच करारात ६ लाखांऐवजी 'फेअर मार्केट व्हॅल्यू' लिहिलेलं असेल, आणि चार वर्षांनी चांगल्या स्थितीतल्या मशीनचा बाजारभाव १२ लाख निघाला, तर शेवटी ८ लाख द्यावे लागतील:

```
=RATE(48,-92000,3600000,-800000,1)*12
```

दर साडेसतरा टक्क्यांच्या वर गेला. भाडं तेच, ठेव तीच, फक्त एका शब्दप्रयोगानं फरक पडला. शिवाय तो बाजारभाव कोण ठरवणार? साच्यात बहुतेकदा 'लेसर', म्हणजे लीज देणारी कंपनीच, ठरवील असं असतं. मशीन ठेवायचा विचार असेल तर रकमेचा आकडा लिहून घ्या. ते शक्य नसेल तर निदान कमाल मर्यादा आणि दोघांना मान्य असा मूल्यांकनकर्ता एवढं तरी लिहून घ्या.

जीएसटीचा हिशेबही दोन्हीकडे वेगळा आहे. हायर पर्चेस हा कायद्यानं मालाचा पुरवठा आहे, म्हणून ७,२०,००० रुपये सुरुवातीलाच जातात आणि नियमित नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिटही लगेच मिळतं. लीज ही सेवा आहे, म्हणून दर महिन्याला १६,५६० रुपये भाड्यावर लागतात. भाड्यात व्याजाचा वाटा दडलेला असतो, त्यावरही कर लागतो: ४८ महिन्यांत एकूण ७,९४,८८०, आणि शेवटी मशीन घेतलंत तर त्या किमतीवर आणखी. क्रेडिट घेणाऱ्याला हा फक्त खेळत्या पैशाचा प्रश्न आहे. कंपोझिशनमध्ये असाल तर मात्र हा सगळा सरळ खर्च आहे. आयकरात हायर पर्चेसमध्ये घसारा तुम्हाला मिळतो आणि हप्त्यातलं व्याज खर्चात जातं. लीजमध्ये घसारा मालक कंपनीचा, तुम्ही भाडं खर्चात टाकायचं. तुमच्या नफ्याला काय सोयीचं, ते सीएकडून आकड्यांत मांडून घ्या.

४. 'ॲक्सेप्टन्स सर्टिफिकेट'वर लवकर सही करू नका

हा एका पानाचा कागद असतो, मशीन उतरवल्या दिवशीच पुढे केला जातो, आणि पावतीसारखा वाटतो. पण तुमची सही झाली की फायनान्स कंपनी विक्रेत्याला पूर्ण पैसे देते आणि तुमचे हप्ते सुरू होतात.

त्याला जोडून करारात आणखी एक कलम असतं: भाडं देण्याची जबाबदारी 'ॲब्सोल्यूट अँड अनकंडिशनल'. इंग्रजी करारांत याला 'हेल ऑर हाय वॉटर' कलम म्हणतात. अर्थ असा की मशीन बंद पडलं, स्पिंडल गेला, सुटे भाग तीन महिने आले नाहीत, तरी भाडं थांबवता येत नाही आणि त्यातून नुकसानभरपाई कापूनही घेता येत नाही. फायनान्स कंपनीची बाजू अशी असते की मशीन तुम्हीच निवडलंत, आम्ही फक्त पैसे दिले. हे कलम सहसा निघत नाही. म्हणून तुमच्या हातातला शेवटचा जोर म्हणजे ॲक्सेप्टन्सची सही, आणि ती खर्च करण्याआधी मशीन पूर्ण तपासून घ्या.

टर्निंग सेंटर असेल तर मशीनवर आणि कंट्रोलरवर कोरलेला सीरियल नंबर कराराच्या यादीशी जुळवा. टेस्ट मँड्रेल लावून डायलनं स्पिंडलचा रनआउट बघा आणि मशीनबरोबरच्या तपासणी तक्त्याशी ताडा. मग विक्रेत्याचा नमुना जॉब नको, तुमचा स्वतःचा जॉब लावा. सकाळी थंड मशीनवर पहिला नग काढा, दोन तास सलग चालवा, आणि ऑफसेट न बदलता पुन्हा तोच व्यास मोजा. गरम झाल्यावर माप किती सरकतं ते यातून कळतं, आणि तुमच्या टॉलरन्समध्ये ते बसत नसेल तर ही गोष्ट आत्ताच पुढे यायला हवी. अलार्म हिस्ट्रीचा फोटो काढून ठेवा. काही राहिलं असेल (चिप कन्व्हेयर आला नाही, ट्रेनिंग झालं नाही) तर सर्टिफिकेटवरच हातानं लिहा आणि विक्रेत्याच्या माणसाची सही घ्या.

सोबत एक वाक्य करारात घालून घ्या: वॉरंटीचे सर्व हक्क तुमच्या नावे वर्ग केले आहेत. मशीनचा मालक फायनान्स कंपनी असल्यानं, हे वाक्य नसेल तर विक्रेता 'तुमच्याशी आमचा करारच नाही' असं म्हणू शकतो.

आणि तुमच्या पैशानं घेतलेल्या वस्तूंचं काय, ते पाहा. 'ॲक्सेशन' नावाचं कलम म्हणतं की मशीनला जोडलेलं सगळं मशीनच्या मालकाचं. तुम्ही नंतर लावलेला हायड्रॉलिक चक, लाइव्ह टूल होल्डर, बार फीडर यात जाऊ शकतात. 'मशीनला इजा न होता काढता येणारे भाग भाडेकरूचे राहतील' एवढं वाक्य पुरतं.

५. मुदत संपण्याची तारीख आजच कॅलेंडरवर टाका

लीजमध्ये मुदत संपली की करार आपोआप संपत नाही. मशीन परत करायचं की घ्यायचं, हे लेखी आणि आगाऊ कळवावं लागतं, नाहीतर करार आपोआप वाढतो. उदाहरणातली लीज १ जून २०२६ ला सुरू झाली तर ३१ मे २०३० ला संपेल. करारात १२० दिवसांची नोटीस असेल तर तुमचं पत्र ३१ जानेवारी २०३० पर्यंत पोचलं पाहिजे. फेब्रुवारीत आठवण झाली आणि वाढ १२ महिन्यांची असेल, तर ९२,००० गुणिले १२ म्हणजे ११,०४,००० रुपये, वर जीएसटी. जे मशीन ६ लाखांत तुमचं झालं असतं, त्याच्या एका वर्षाच्या भाड्याला ११ लाख.

म्हणून मागणी अशी करा: वाढ महिन्या-महिन्याची असावी, आणि नोटिशीची आठवण फायनान्स कंपनीनं ईमेलनं द्यावी. दुसरी मागणी बहुधा मान्य होते.

परत करायचं ठरलं तर 'रिटर्न कंडिशन' वाचा. क्रेन, पॅकिंग, ट्रक आणि विमा तुमचा, आणि ठिकाण ते सांगतील ते. 'भारतात कुठेही' लिहिलं असेल तर त्याऐवजी 'पुणे जिल्ह्यात' किंवा ठरावीक किलोमीटर लिहून घ्या. मशीन 'सामान्य झीज वगळता' चांगल्या स्थितीत हवं असं असतं. ही सामान्य झीज म्हणजे काय ते मोजता येईल असं लिहून घ्या, उदाहरणार्थ रनआउट किती मायक्रॉनपर्यंत चालेल. सर्व्हिसच्या नोंदी पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा. त्या नसल्या की दुरुस्तीचं बिल तुमच्याकडे येतं.

६. मधेच थांबावं लागलं तर

कामं कमी झाली आणि विसाव्या हप्त्यानंतर हायर पर्चेस बंद करायचं ठरवलं. २८ हप्ते बाकी आहेत, त्यांची बेरीज २४,२६,६६७ रुपये. घटत्या शिलकीच्या हिशेबानं मात्र देणं सुमारे २०,७१,००० रुपयेच आहे, कारण पुढच्या महिन्यांचं व्याज अजून झालेलंच नाही. करारात 'उरलेले सर्व हप्ते तत्काळ देय' एवढंच असेल, तर ते न झालेलं साडेतीन लाखांचं व्याजही मागितलं जातं. 'अर्ली सेटलमेंट' कलमात हिशेबाची पद्धत लिहिली आहे का ते बघा, आणि प्रत्येक महिन्याच्या शिलकीचा तक्ता कराराला जोडून घ्या.

हाच तक्ता आगीच्या किंवा पुराच्या वेळीही लागतो. लीजमध्ये त्याला 'स्टिप्युलेटेड लॉस व्हॅल्यू' म्हणतात: मशीन जळालं तर त्या महिन्याला फायनान्स कंपनीला इतकी रक्कम द्यायची. विमा घसारा वजा करून बाजारभावानं असेल तर पैसे कमी येतात आणि उरलेला फरक तुमच्या खिशातून जातो. म्हणून पॉलिसी 'रिइन्स्टेटमेंट व्हॅल्यू' तत्त्वावर, म्हणजे तसंच नवं मशीन घ्यायच्या किमतीवर घ्या आणि रक्कम तक्त्यापेक्षा कमी ठेवू नका.

'डिफॉल्ट' कलमात हप्ता चुकल्यानंतर किती दिवसांची सवलत आहे ते पाहा. परदेशी साच्यात कधी ती नसतेच. लेखी सूचना आणि त्यानंतर निदान १५ दिवस मागा. 'क्रॉस डिफॉल्ट' असेल तर दुसऱ्याच बँकेच्या कॅश क्रेडिटमध्ये अडचण आली तरी हे मशीन उचलायचा हक्क त्यांना मिळतो. तो फक्त याच समूहाच्या करारांपुरता ठेवायला सांगा. वाद कुठे चालणार हेही वाचा. सही करणाऱ्या दोन्ही कंपन्या भारतीय असल्या तरी लवाद परदेशात ठेवता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये म्हटलं आहे. सिंगापूर किंवा लंडन लिहिलं असेल तर आठ-दहा लाखांच्या वादासाठी तिकडे लढायला जाणं परवडत नाही, म्हणजे वाद आधीच हरलेला. पुणे किंवा मुंबई लिहून घ्या.

सहीच्या आधी टेबलावर हवेत असे कागद

- करारनामा, सगळ्या परिशिष्टांसकट. 'सामान्य अटी वेबसाइटवर आहेत' असं लिहिलं असेल तर त्या छापून, तारीख टाकून जोडायच्या.
- मशीनची यादी: मॉडेल, सीरियल नंबर, प्रत्येक ॲक्सेसरी वेगळ्या ओळीत.
- हप्त्यांचा आणि महिनावार शिलकीचा तक्ता.
- विक्रेत्याचं कोटेशन आणि वॉरंटीच्या अटी.
- गाळा भाड्याचा असेल तर गाळामालकाचं पत्र की मशीनवर त्याचा हक्क नाही. हे नसेल आणि भाड्याचा वाद झाला, तर मशीन गाळ्यात अडकतं आणि हप्ता चालूच राहतो.
- जामीनपत्र. रक्कम आणि मुदत लिहिलेली नसेल तर सही थांबवा. घरच्यांना जामीन राहायला सांगण्याआधी त्यांना हे पान वाचून दाखवा.
- दिलेल्या चेकची यादी, क्रमांकांसह. कोरा चेक द्यायचा नाही. किमान पाठीमागे कराराचा क्रमांक आणि 'फक्त हप्त्यासाठी' असं लिहून फोटो ठेवायचा.

७. शेवटचा हप्ता गेल्यावर

हायर पर्चेसमध्ये शेवटचा हप्ता कापला गेला म्हणून मशीन आपोआप तुमच्या नावावर होत नाही. ऑप्शनची नाममात्र रक्कम भरा, पावती घ्या, आणि मालकी हस्तांतराचं पत्र मागा. त्यात सीरियल नंबर असला पाहिजे. सोबत नो ड्यूज, न वापरलेले चेक, ऑटो-डेबिट रद्द झाल्याचं पत्र घ्या. विमा पॉलिसीवरचं फायनान्स कंपनीचं नाव काढून घ्या, नाहीतर दोन वर्षांनी आलेल्या क्लेमचा चेक त्यांच्याच नावानं निघेल. पुढे हेच मशीन बँकेकडे तारण ठेवताना किंवा विकताना पहिला कागद म्हणून मालकीचं पत्रच मागितलं जातं, आणि तोपर्यंत परदेशी कंपनीनं भारतातलं कामकाज आवरलं असेल तर ते पत्र मिळवायला मुख्य कार्यालयाशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. शेवटच्या हप्त्याच्या महिन्यातच ते हातात घ्या.